मोठा पीआर तोडायला कधी आणि कसा सांगावा

प्रोग्रामर आपल्या ब्रांचमध्ये केलेले बदल मुख्य कोडमध्ये घेण्यासाठी टीमपुढे ठेवतो, त्याला पुल रिक्वेस्ट किंवा नुसते पीआर म्हणतात. मर्ज होण्याआधी दुसरा कोणीतरी तो वाचतो, हा रिव्ह्यू. पीआर फार मोठा असेल तर वाचणारा सुरुवातीच्या फाइली बारकाईने बघतो आणि पुढे नुसती नजर फिरवतो. चुका मग शेवटच्या फाइलींत राहून जातात.

किती मोठा म्हणजे फार मोठा? गूगलच्या रिव्ह्यूविषयक मार्गदर्शिकेनुसार 100 ओळींचा बदल साधारणपणे ठीक, 1000 ओळींचा बहुधा जास्त. मात्र केवळ ओळी मोजून निर्णय घेऊ नये. एखादे फंक्शन एकाच पद्धतीने शंभर ठिकाणी बदलले असेल, जुन्या फाइली काढून टाकल्या असतील किंवा एखाद्या टूलने फाइल तयार केली असेल, तर आकडा मोठा दिसूनही वाचायला फारसे नसते. खरा प्रश्न वेगळा आहे: या पीआरमध्ये स्वतंत्रपणे मर्ज करता येतील आणि गरज पडल्यास स्वतंत्रपणे मागे घेता येतील अशी किती कामे आहेत?

समजा, एका ऑनलाइन दुकानाच्या ॲपमध्ये ग्राहकाला एकाहून अधिक पत्ते ठेवता यावेत म्हणून पीआर आला आहे. 46 फाइली, 1800 ओळी. उघडून पाहिले तर 700 ओळी पॅकेजांच्या लॉक फाइलच्या आहेत. त्या टूलने लिहिलेल्या. 500 ओळींत एका फंक्शनचे फक्त नाव बदलले आहे. 150 ओळींत सवलतीच्या हिशेबातली जुनी चूक दुरुस्त केली आहे. पत्त्यांचे मूळ काम 450 ओळींचे: 200 डेटाबेस आणि सर्व्हरच्या, 250 स्क्रीनच्या.

हा पीआर तोडायलाच हवा, आणि त्याचे कारण 1800 हा आकडा नाही. सवलतीच्या दुरुस्तीचा पत्त्यांशी संबंध नाही. उद्या पत्त्यांचे काम बिघडले आणि सगळा पीआर मागे घ्यावा लागला, तर दुरुस्तीही जाईल आणि ग्राहकांना पुन्हा चुकीचे बिल मिळेल. शिवाय नाव बदलण्याच्या 500 ओळींमध्ये या 150 ओळी नजरेतून सहज निसटतात. याउलट, नवे टेबल आणि ते वापरणारा सर्व्हरचा कोड वेगळे केले तर पहिला भाग का हवा हेच वाचणाऱ्याला कळणार नाही. ते एकत्रच राहावेत.

तोडण्याचा क्रम यातूनच ठरतो. आधी सवलतीची दुरुस्ती, मग नावबदल, मग टेबल आणि सर्व्हर, शेवटी स्क्रीन. लॉक फाइलमधला बदल ज्या भागाला नवे पॅकेज लागते त्याच्याबरोबर जावा. प्रत्येक भाग मर्ज झाल्यावर मुख्य कोड चालला पाहिजे आणि टेस्ट पास झाल्या पाहिजेत. पहिला भाग असा काढता येतो:

```
git switch -c discount-fix main
git restore --source=addresses -- src/discount.js
```

एक धोका इथे लक्षात ठेवावा. त्या फाइलमध्ये नावबदलही असेल तर तोही सोबत येतो आणि बिल्ड तुटतो. अशा वेळी तेवढ्या ओळी हाताने पूर्ववत कराव्या लागतात. शेवटच्या भागाच्या ब्रांचवर `git diff addresses` चालवावे. मधल्या काळात मुख्य कोडमध्ये दुसरे काही आले नसेल, तर काहीच फरक दिसता कामा नये. दिसला, तर तोडताना काहीतरी हरवले आहे.

लेखकाला हे सांगायची वेळ पहिल्याच वाचनानंतरची. ओळीओळीवर वीस शेरे मारून झाल्यावर "आता तोड" म्हटले, तर त्याचे शेरे दुरुस्त करण्याचे श्रम वाया जातात आणि त्याचे वैतागणे रास्त असते. "पीआर फार मोठा आहे" एवढेच लिहिणेही पुरत नाही, कारण पुढे काय करायचे ते त्यातून कळत नाही. कारण, तोडण्याची जागा आणि आपण काय करू, हे तिन्ही सांगावे. उदाहरणार्थ:

"पत्त्यांची रचना पटली. पण सवलतीची दुरुस्ती यात मिसळल्यामुळे ती मला नीट तपासता येत नाहीये. ती वेगळ्या पीआरमध्ये देशील का? आजच बघतो. नावबदलही वेगळा आला तर मूळ काम साडेचारशे ओळींचं राहील. वेगळं काढताना अडलं तर एकत्र बसू."

लेखक नवा असेल किंवा काम बरेच दिवसांचे असेल, तर आधी फोनवर बोलून मग तेच लिहून ठेवावे. सगळे भाग एकमेकांत इतके गुंतलेले असतील की तोडण्यातच नव्या चुका शिरतील, तर हट्ट सोडावा आणि लेखकाला सोबत घेऊन फाइलींच्या ठरवलेल्या क्रमाने वाचावे. आणि तोडायला सांगितले असेल, तर पहिला छोटा पीआर आल्याबरोबर तो वाचणे ही रिव्ह्यू करणाऱ्याची जबाबदारी आहे.