दोन तिकिटं, एक खोली

कुडाळ स्टेशनावर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. त्या दोन मिनिटांत मला अर्धवट झोपेतली नऊ वर्षांची मुलगी, एक बॅग आणि पाण्याची पिशवी, एवढं सगळं खाली उतरवायचं होतं. आधी बॅग उतरवली तर मुलगी वर राहते, आधी मुलीला उतरवलं तर बॅग. दोन मोठी माणसं बरोबर असली की हा प्रश्नच पडत नाही. एक खाली उतरतो, दुसरा वरून एकेक वस्तू हातात देतो. मी एकटीनं मुलीला वाढवते. आमच्या दोघींच्या प्रवासात हा दुसरा माणूस कधीच नसतो आणि सहलीचं नियोजन म्हणजे त्याच्या जागी काय ठेवायचं ते आधी ठरवणं, हे मला एक सहल पूर्ण फसल्यावर कळलं.

त्या फसलेल्या सहलीत मी पाच दिवसांत गणपतीपुळे, रत्नागिरी आणि मालवण असा बेत आखला होता. रोज सामान बांधायचं, एसटी शोधायची आणि नव्या गावात संध्याकाळी खोली बघायची, असा क्रम होता. तिसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या स्टँडवर लेक रडून म्हणाली, “आई, आपण एकाच ठिकाणी राहूया ना.” तिचं खरं होतं. प्रत्येक मुक्काम बदलताना सामान, पैसे, रस्ता आणि मूल ही चारही कामं एकाच माणसावर येतात. त्यात लक्ष सुटतं ते नेमकं मुलावरचं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या चार दिवसांत आम्ही फक्त तारकर्लीला गेलो. एकच घर, तीन रात्री. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज यांच्या मधली गर्दी तोवर ओसरलेली असते आणि खोल्यांचे भावही खाली आलेले असतात.

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे कार्तिकातल्या सहलीची तिकिटं गणपतीच्या दिवसांतच काढावी लागतात. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं भाडं पडतं, बर्थ हवा असेल तर पूर्ण. एकट्या पालकाला हे अर्धं तिकीट मोहात पाडतं. रात्रीच्या गाडीत मात्र नऊ वर्षांच्या मुलीबरोबर एका बर्थवर झोपणं म्हणजे दोघींनीही जागणं आणि पुढचा सगळा दिवस एकटीनंच सांभाळायचा असतो. मी दोन पूर्ण तिकिटं काढली. आरक्षण करताना ‘किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढा’ असा पर्याय असतो, तो निवडला. खालच्या बर्थसाठी आपोआप विचार होतो तो ज्येष्ठ नागरिकांचा, गरोदर बायकांचा आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांचा. छत्तीस वर्षांच्या आईला तो मागून घ्यावा लागतो. मुलीला खालचा बर्थ दिला आणि मी तिच्या वरच्या मधल्या बर्थवर झोपले. बॅग तिच्या बर्थखाली साखळीनं बांधली, त्यामुळे रात्री दोघी मिळून टॉयलेटला गेलो तरी सामानाची चिंता नव्हती.

उतरण्याचं कोडं अगदी साध्या रीतीनं सुटलं. कणकवली गेल्यावर दोघी उठलो, बूट घातले आणि दारापाशी जाऊन उभ्या राहिलो. सामान एवढंच की ते एका हातात मावेल. दुसरा हात मुलीचा. तेव्हापासून हेच माप मी पाळते. दोन्ही हात सामानात अडकत असतील तर काहीतरी घरी ठेवायचं.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट फार उशिरा समजते. सहल कंपन्यांचे दर माणशी असतात आणि एका खोलीत दोन मोठी माणसं आहेत असं त्यात धरलेलं असतं. लहान मुलाचा स्वस्त दर असतो तो तिसऱ्या माणसाचा. एक मोठं आणि एक मूल असे दोघंच असाल तर खोलीतली दुसरी जागा मूल भरतं आणि त्याचे पैसे बहुतेकदा मोठ्याचेच लागतात. मला एका ठिकाणी माणशी साडेअकरा हजार सांगितले होते. दोघींचे तेवीस हजार झाले. म्हणून मी खोलीच्या हिशेबानं भाडं घेणारं घरगुती निवासस्थान शोधलं, कारण तिथे एक माणूस असो वा दोन, भाडं तेच राहतं. एसी थ्री-टियरची येण्याजाण्याची चार तिकिटं साधारण ३,४०० रुपये, कुडाळहून तारकर्लीला जाण्यायेण्याची रिक्षा १,६००, खोलीचे तीन रात्रींचे ५,४००, जेवणखाण ३,०००, गावातल्या रिक्षा १,५०० आणि होडी, खाऊ, खरेदी मिळून १,५००. एकूण १६,४००. याशिवाय ४,००० रुपये मी वेगळ्या पाकिटात ठेवले होते. ते खर्चासाठी नव्हतेच. मी आजारी पडले तर लागतील म्हणून ते होते. रिक्षाचं भाडं आमच्यात वाटून जात नाही, ते एकटीवरच पडतं. म्हणून घर किनाऱ्यापासून चालत जाता येईल असं घेतलं आणि त्यासाठी खोलीला रोज दोनशे रुपये जास्त मोजले.

घर ठरवताना मी फोनवर एक प्रश्न विचारला होता. रात्री मालक तिथेच राहतात का? राहतात, असं उत्तर आलं तेव्हाच पैसे भरले. त्याचा उपयोग दुसऱ्याच रात्री झाला. मला उलट्या सुरू झाल्या. लेकीनं मला न विचारता घरमालकीण काकूंचं दार वाजवलं. काकूंनी पेज करून दिली, ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून घोट घोट पाजलं आणि सकाळी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायला गाडी लागेल का म्हणून विचारून ठेवलं. ती वेळ आली नाही. तिसरा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवला होता, त्यामुळे कुठलाही बेत मोडावा लागला नाही. मी पडून राहिले, लेक काकूंबरोबर ओल्या नारळाचं खोबरं खवत बसली.

तिनं दार वाजवलं ते धाडसानं नव्हे, सरावानं. निघण्याआधी आठवडाभर तिनंच विचारलं होतं, “आई, तूच पडलीस तर मी कुणाला सांगू?” मुलांना ‘तू हरवलास तर’ हे आपण शिकवतो, पण पालकालाच काही झालं तर काय करायचं, हे फारसं कुणी शिकवत नाही. आम्ही तीन गोष्टी घोकल्या. आधी सर्वात जवळच्या मोठ्या माणसाला हाक मारायची. मग कुलूपबंद फोनवरूनही ११२ लागतो, तो कसा लावायचा आणि घराचं नाव कसं सांगायचं. तिसरं म्हणजे माझा नव्हे, माझ्या भावाचा नंबर तोंडपाठ. तिच्या फ्रॉकच्या खिशात एक चिठ्ठीही होती. तिच्यावर घराचं नाव, काकूंचा नंबर आणि भावाचा नंबर लिहिलेला होता.

माझा एक मित्र एकट्यानं सात वर्षांच्या मुलीला वाढवतो. त्याची अडचण वेगळी आहे. पोहून आल्यावर कपडे बदलायला तो तिला पुरुषांकडे नेऊ शकत नाही आणि बायकांकडे एकटी सोडू शकत नाही. किनाऱ्यावर तो एक मोठा पंचा घेऊन जातो आणि आंघोळीला थेट खोलीवर परततो. म्हणजे किनाऱ्याजवळचं घर त्याच्यासाठीही सोयीपेक्षा गरजच आहे.

समुद्राचा नियम मी सर्वात कडक ठेवला. मूल ओढलं गेलं तर मी आत जाणार आणि मग किनाऱ्यावर मदत आणायला कुणीच उरणार नाही. म्हणून पाणी तिच्या गुडघ्याच्या वर जाता कामा नये आणि ती माझ्या हाताच्या अंतरावर हवी. वाळूच्या किनाऱ्यावर पाण्याची ओढ रोज एकाच ठिकाणी नसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला एखादा पट्टा सपाट आणि गढूळ दिसतो, फेस समुद्राच्या दिशेनं जाताना दिसतो. नवख्या माणसाला तीच जागा शांत वाटते, पण ओढ तिथेच असते. तिथे उतरायचं नाही. चुकून सापडलंच तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, अंग सैल सोडून तरंगायचं आणि किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. होडीत बसताना तिचं लाइफ जॅकेट मी खांद्यांना धरून वर उचलून पाहिलं. ते तिच्या कानांपर्यंत आलं. असं सैल जॅकेट पाण्यात अंगातून निसटतं. नावाड्यानं कुरकुर न करता लहान मापाचं काढून दिलं.

स्कूबा करायची मला फार इच्छा होती. नाही केली. मी पाण्याखाली असताना अनोळखी होडीवर लेकीकडे कोण बघणार, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती मोठी झाल्यावर दोघी मिळून करू.

पाण्यात कधी जायचं हे ठरवताना काकूंच्या सासऱ्यांनी आम्हाला कोळ्यांचा हिशेब शिकवला. चालू तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल त्या वाजता साधारण भरती पूर्ण होते आणि सहा तासांनी ओहोटी. त्या दिवशी अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, भर दुपारी ओहोटी. गावागावाप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, म्हणून जाताना किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचंच. लेकीचे अपूर्णांक शाळेत कच्चे आहेत. इथे मात्र तिनं वाळूवर काडीनं आठाचे चार भाग केले आणि त्यातले तीन मोजून सहा आणले. दुसऱ्या दिवशी नवमी, पावणेसात. पाणी चढत असताना आम्ही बाजूला बसलो, पण मधे मधे तीच उठून ओल्या वाळूवरची पाण्याची रेघ तपासून यायची.

चौथीला ‘शिवछत्रपती’चा इतिहास असतो, त्यामुळे सिंधुदुर्ग तिनं पुस्तकातून आधीच पाहिला होता. २५ नोव्हेंबर १६६४ला पायाभरणी झालेला हा किल्ला मालवणच्या धक्क्यावरून होडीनं गाठायचा असतो आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात. चारी बाजूंनी खारं पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तिन्हींचं पाणी चाखायचं तिनं ठरवलं होतं. मी चाखू दिलं नाही. तिच्या हातून ओंजळभर पाणी काढून तोंडावर मारलं, तेवढ्यावर तडजोड झाली.

दोघींच्या सहलीत दोघी एका फोटोत कधी येत नाहीत. फोन अनोळखी माणसाच्या हातात द्यायला मी बिचकते. मग आम्ही एक वही केली. हिशेबाची जबाबदारी तिची. दर रात्री खर्च ती लिहिते, मी बघते. पहिल्या पानावर ‘रिक्षा ८०० (काकांनी गाणी लावली)’ असं आहे. तिसऱ्या दिवसाच्या पानावर ‘आज आई आजारी. खर्च शून्य. पेज फुकट’ आहे. शेवटच्या पानावर ४,००० रुपयांपुढे ‘परत आले’ असं लिहून तिनं दोनदा अधोरेखित केलं आहे.

परवा सकाळी ठाण्याच्या स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटत होते. लेक दप्तर पाठीला लावून दारात थांबली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, बोटं मोजली आणि म्हणाली, “आई, आज एकादशी. सव्वाआठला भरती. काकूंच्या तिथे पाणी आता वर चढत असेल.”