निसटलेला ‘म्हणून’

पाऊस उघडला की मारेगाव तालुक्यात कपाशीवर फवारणी सुरू होते आणि आमच्या नोंदवहीत विषबाधेच्या नोंदी वाढू लागतात. 2017च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. त्याच विषयावर संशोधन करायचे ठरवून एमबीबीएसची एक विद्यार्थिनी प्रस्ताव घेऊन माझ्याकडे आली. आयसीएमआरच्या विद्यार्थी योजनेसाठी तो पाठवायचा होता. काम दोन महिन्यांत संपवायचे होते.

तिच्या समस्या-मांडणीचा सारांश असा: ‘भारत कृषिप्रधान देश आहे. कीटकनाशकांचा वापर वाढत आहे. मारेगाव तालुक्यात यावर अभ्यास झालेला नाही. म्हणून रुग्णालयात दाखल झालेल्या शंभर रुग्णांचे कीटकनाशकांविषयीचे ज्ञान तपासायचे आहे. यातून शासनाला धोरण ठरवता येईल.’

एकेक वाक्य वाचले तर त्यात चूक सापडत नाही. गडबड आहे ती जोडणीत. मी विचारले, “मारेगावच्या जागी वणी लिहिलं तर काय बदलेल?” ती म्हणाली, “काहीच नाही, सर.” म्हणजे ‘इथे अभ्यास झाला नाही’ ही खरी उणीव नव्हती. अभ्यास तर हजारो गावांत झालेला नसतो. नेमकी कोणती माहिती नसल्यामुळे कोणता निर्णय अडला आहे, हे सांगितले तरच ती उणीव ठरते.

मग ती स्वतःच बोलली. तिचे काका फवारून आले की डोके दुखते, मळमळते, डोळ्यांपुढे अंधुक दिसते. लिंबूपाणी पिऊन ते झोपतात. दवाखान्यात कधी गेले नाहीत. उणीव इथे होती. आमची नोंदवही आलेल्यांना मोजते, घरीच झोपलेल्यांना नाही. असे किती आहेत, हे आपल्याला माहीत नाही.

उणीव सापडताच जुना प्रश्न कोलमडला. घरी राहणाऱ्यांविषयी जाणायचे असेल, तर दाखल रुग्णांना विचारून काय मिळणार? ते तर पोहोचलेलेच आहेत. शिवाय ज्ञान तपासून माणसे दवाखान्यात का येत नाहीत, हेही कळत नाही. म्हणून प्रश्न गावात नेला: ‘निवडलेल्या गावांत मागील दोन आठवड्यांत कपाशीवर फवारणी केलेल्यांपैकी किती जणांना फवारणीनंतर 24 तासांत ठरवलेल्या लक्षणांपैकी किमान दोन जाणवली, आणि त्यांतील किती जण डॉक्टरकडे गेले?’

इथे एक शब्द खोडावा लागला. तिने ‘विषबाधा झाली’ असे लिहिले होते. पण घाम, डोकेदुखी, मळमळ उन्हानेही होते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाचा परिणाम तपासायला रक्तातील कोलिनेस्टरेज मोजावे लागते, आणि ते या प्रस्तावात नव्हते. म्हणून ‘विषबाधा’ काढून ‘लक्षणे’ लिहिले. जे मोजणार नाही, त्याचे नाव प्रश्नात येऊ नये. दोन आठवड्यांची मर्यादाही त्याचसाठी. अख्ख्या हंगामाचे विचारले तर आठवण दगा देते. आणि अर्थात, ते दोन महिने फवारणीचेच असायला हवेत.

शेवटी महत्त्व. ‘शासनाला धोरण ठरवता येईल’ हे वाक्य कोणत्याही प्रस्तावाला चिकटते. मी तिला दोन्ही उत्तरे कल्पून पाहायला सांगितले. लक्षणे असलेले बहुतेक जण डॉक्टरकडे जात नसतील, तर नुसत्या नोंदवहीवरून त्रासाचा अंदाज बांधता येणार नाही. हंगामात आशाताईंनी घरोघरी विचारावे का, हा विचार करावा लागेल. उलट बहुतेक जण जात असतील, तर नव्या सर्वेक्षणाऐवजी सरकारी आणि खासगी दवाखान्यांच्या नोंदी एकत्र करणे पुरेल. उत्तर कोणतेही येवो, पुढचे पाऊल बदलते. काही गावांच्या पाहणीवरून राज्याचे धोरण मात्र ठरत नाही, म्हणून तो दावा तिने काढला.

नवी मांडणी तीन वाक्यांत बसली. रुग्णालयाची नोंदवही फक्त आलेल्यांना मोजते. घरी राहणाऱ्यांची संख्या माहीत नाही, म्हणून गावात जाऊन फवारणाऱ्यांना विचारायचे. त्या उत्तरावरून तालुक्यात देखरेख कुठे ठेवायची ते ठरेल. कृषिप्रधान देश आपोआप गळाला.

तपासणीची सोपी रीत मी तिला सांगितली: मांडणी उलटी वाचायची. ‘देखरेख कुठे ठेवायची?’ त्यासाठी काय कळायला हवे? घरी राहणारे किती. ते आज का कळत नाही? कारण नोंदवहीत ते नाहीत. जुना मसुदा असा वाचला, तर ‘धोरण’पासून ‘रुग्णांचे ज्ञान’ इथवरच अडखळायला होते. जिथे अडखळतो, तिथला ‘म्हणून’ खोटा असतो.

जाताना तिने विचारले, “सर, काकांनाही यादीत घेऊ का?” मी म्हटले, “गाव निवडीत आलं तर घे. त्यांच्यासाठी गाव निवडू नकोस.”