जनुकाचा जोड नेमका कुठे द्यायचा?

समुद्रातल्या एका जेलीफिशच्या अंगात हिरवा प्रकाश देणारे प्रथिन असते. ते तयार करणारे जनुक जिवाणूत नेले, की निळ्या प्रकाशाखाली जिवाणूंच्या वसाहतीही हिरव्या चमकतात. प्रयोगशाळांत त्याची सुधारलेली आवृत्ती वापरतात. ती ७२० अक्षरांची आहे. अक्षरे म्हणजे डीएनएमधली A, T, G आणि C. जनुक जिवाणूत नेण्यासाठी ते आधी प्लाझमिड नावाच्या वर्तुळाकार डीएनएत बसवावे लागते. पीयूसी-१९ हे असेच एक जुने, सर्वांच्या ओळखीचे प्लाझमिड. त्याची अक्षरे २६८६. या प्लाझमिडात आधीपासून एक जनुक आहे आणि ते ATG या तीन अक्षरांपाशी सुरू होते. प्रथिन बनवायला इथून सुरुवात करायची, अशी ती खूण असते. समजा, त्या जुन्या ATG च्या जागी आपल्या हिरव्या जनुकाचे ATG बसवायचे आहे आणि मध्ये एकही जादा अक्षर नको आहे. काम एवढेच. ते जुन्या आणि नव्या पद्धतीने कसे होते, ते शेजारी ठेवून पाहू.

जुन्या पद्धतीत डीएनए कापायला रिस्ट्रिक्शन एन्झाइम लागतात. जिवाणूंनी विषाणूंपासून बचावासाठी घडवलेली ही हत्यारे ओळखून वापरात आणल्याबद्दल व्हर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८चे नोबेल मिळाले. यातले प्रत्येक एन्झाइम ठरावीक अक्षरे दिसली तरच कापते. ईको-आर-वन हे एन्झाइम GAATTC शोधते, हिंड-थ्री AAGCTT शोधते. दोन्ही धागे थोडे तिरके कापले जातात, त्यामुळे टोकाला चार अक्षरांचा एकेरी धागा लोंबत राहतो. त्याला चिकट टोक म्हणतात. दोन तुकडे एकाच एन्झाइमने कापले असतील तर त्यांची चिकट टोके परस्परांना जुळतात आणि लायगेज नावाचे एन्झाइम तो सांधा पक्का करते. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी १९७३मध्ये याच रीतीने प्लाझमिडांचे तुकडे जोडले. पुढची तीन दशके जगभरच्या प्रयोगशाळा हेच करत राहिल्या.

आपल्या कामात ही पद्धत कुठे अडते? पीयूसी-१९मध्ये कापण्याच्या बऱ्याच जागा एकत्र रचून ठेवलेल्या आहेत, पण सगळ्या ATG च्या पुढे. सर्वात जवळची हिंड-थ्रीची जागासुद्धा ATG नंतर चौदा अक्षरे सोडून येते. हिरवे जनुक तिथे जोडले तर प्लाझमिडाची आधीची अक्षरेही त्याच्यासोबत वाचली जातात आणि प्रथिनाच्या डोक्यावर आठ परकी अमिनो आम्ले चढतात. शिवाय अक्षरे तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात. हिंड-थ्रीची सहा अक्षरे संपतात तिथे एक गट अर्धवट राहतो. म्हणून जनुकाच्या आधी एक अक्षर मुद्दाम घालावे लागते, नाहीतर वाचनाची चौकट सरकते आणि पुढचे सगळे प्रथिन निरर्थक होते. हिरव्या प्रथिनाला अशी शेपूट सहसा चालते. एखाद्या एन्झाइमला किंवा औषध म्हणून वापरायच्या प्रथिनाला ती चालेलच असे नाही.

दुसरी अडचण जागांची. सहा अक्षरांचा कोणताही ठरावीक क्रम सरासरी दर ४०९६ अक्षरांत एकदा योगायोगाने सापडतो. लहान जनुकात तो नसण्याचीच शक्यता जास्त. पण सात-आठ हजार अक्षरांचा तुकडा घेतला, की निवडलेले एन्झाइम त्याच्या पोटातच कापून टाकते. थोडक्यात, जोड कुठे येणार आणि त्यात कोणती अक्षरे राहणार, हे एन्झाइम ठरवते. आपल्याला त्याच्या सोयीने वागावे लागते.

ओव्हरलॅपवर आधारलेल्या पद्धतींनी हे बंधन काढले. त्यातली सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत डॅनियल गिब्सन आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केली. ते क्रेग व्हेंटर इन्स्टिट्यूटमध्ये जिवाणूचा संपूर्ण जीनोम रसायनांपासून उभारायच्या खटपटीत होते. लाखो अक्षरांच्या जीनोममध्ये योग्य ठिकाणी, एकदाच येणाऱ्या कापण्याच्या जागा शोधत बसणे शक्यच नव्हते. त्यांची युक्ती अशी: शेजारी येणाऱ्या दोन तुकड्यांच्या टोकांना वीस ते चाळीस अक्षरे तंतोतंत सारखी ठेवायची. हा सारखा भाग म्हणजेच ओव्हरलॅप.

तुकडे एका नळीत घालून ५० अंश सेल्सिअसला ठेवतात. नळीत तीन एन्झाइम एकाच वेळी काम करतात. डीएनएच्या प्रत्येक धाग्याला दोन वेगळी टोके असतात, पाच-प्राइम आणि तीन-प्राइम. टी-५ एक्झोन्यूक्लिएज पाच-प्राइम टोकापासून धागा कुरतडत जाते, त्यामुळे समोरचा तीन-प्राइम धागा एकेरी उघडा पडतो. शेजारच्या तुकड्याचेही तसेच होते. ओव्हरलॅप सारखा असल्याने हे दोन उघडे धागे परस्परांना जुळतात. कुरतडताना जास्त गेलेली अक्षरे पॉलिमरेज भरून काढते आणि उरलेली फट उष्णतेत टिकणारे लायगेज सांधते. टी-५ मात्र या तापमानाला हळूहळू निकामी होते, म्हणून कुरतडणे अनंतकाळ चालत नाही. दोन-तीन तुकड्यांना पंधरा मिनिटे पुरतात, जास्त तुकड्यांना तासभर देतात.

आता खरा कौशल्याचा भाग, ओव्हरलॅपची आखणी. ही सारखी अक्षरे आणायची कुठून? प्रायमरमधून. प्रायमर म्हणजे पीसीआरने डीएनएच्या प्रती काढताना लागणारा, मागवून घेतलेला आखूड धागा. त्याचा मागचा अर्धा भाग जनुकाला चिकटतो, तर पुढे आपण हवी ती अक्षरे जोडू शकतो. आपल्या उदाहरणात ती प्लाझमिडाची अक्षरे असतील. प्लाझमिडही पीसीआरनेच सरळ करून घ्यायचे, म्हणजे जुने ATG आणि कापण्याच्या जागांचा पट्टा वगळून उरलेल्या सुमारे २६०० अक्षरांची प्रत काढायची. जनुकासाठीचे दोन प्रायमर असे होतात. मोकळ्या जागेच्या डावीकडे ओव्हरलॅप, उजवीकडे जनुकाला चिकटणारा भाग:

```
GCGGATAACAATTTCACACAGGAAACAGCT ATGGTGAGCAAGGGCGAGG
CGACGTTGTAAAACGACGGCCAGT TTACTTGTACAGCTCGTCCATGCC
```

पहिल्या ओळीत प्लाझमिडाची अक्षरे संपतात तिथेच जनुकाचे ATG लागते. दुसरा प्रायमर उलट्या धाग्यावरचा आहे, म्हणून तो उलटा वाचायचा. पहिला ओव्हरलॅप तीस अक्षरांचा आणि दुसरा चोवीसचा. दोन्हीची लांबी सारखी का नाही?

कारण महत्त्वाची गोष्ट लांबी नाही, तो जोड किती तापमानापर्यंत टिकतो ही आहे. A आणि T यांची जोडी दोन हायड्रोजन बंधांवर उभी असते, G आणि C यांची तीन बंधांवर. अंदाजासाठी एक साधे सूत्र चालते. त्यात N म्हणजे ओव्हरलॅपची एकूण अक्षरे:

```
Tm = 64.9 + 41 × (G + C − 16.4) / N
```

प्लाझमिडाच्या ATG आधीच्या भागात A आणि T भरपूर आहेत. तिथली फक्त पंचवीस अक्षरे घेतली तर त्यांत G आणि C मिळून नऊच येतात आणि तापमान ५३ अंशांच्या आसपास भरते. अभिक्रिया ५० अंशांना चालते, त्यामुळे जोड जेमतेम टिकेल. आणखी पाच अक्षरे मागे गेलो, की त्यांतली चार G किंवा C निघतात. एकूण तेरा झाली आणि तापमान साठवर गेले. दुसऱ्या टोकाला चोवीस अक्षरांतच तेरा G आणि C मिळतात, म्हणून तिथे आणखी लांबवायची गरज नाही. लांब प्रायमर महाग पडतो आणि तो तयार होताना चुकाही जास्त होतात.

मग सुरक्षिततेसाठी पहिला ओव्हरलॅप आणखी आठ अक्षरे मागे नेला तर? तिथे AATTGTGA हा क्रम येतो. त्यातली AATTGT ही सहा अक्षरे याच ओव्हरलॅपमध्ये पुढे येणाऱ्या ACAATT शी जुळतात. म्हणजे उघडा पडलेला धागा शेजाऱ्याकडे जाण्याऐवजी स्वतःवरच दुमडू शकतो. या जोडीत A आणि T जास्त असल्याने ५० अंशांना ही घडी टिकत नाही. हीच सहा अक्षरे G आणि C ची असती तर मात्र जोड बिघडला असता. म्हणून ओव्हरलॅप पक्का करण्याआधी तो स्वतःशी जुळतो का आणि तसाच क्रम दुसऱ्या एखाद्या टोकाला येतो का, हे तपासावे लागते. दोन टोके सारखी झाली तर चुकीचे तुकडे एकमेकांना मिळतात. एकच टर्मिनेटर दोनदा वापरलेल्या रचनांत हा घोटाळा नेहमी होतो.

मिश्रणाचा हिशेब रेणूंच्या संख्येने करतात, वजनाने नाही. ओव्हरलॅप धरून आपला जनुकाचा तुकडा ७७४ अक्षरांचा होतो. प्लाझमिडाच्या दुप्पट रेणू हवे असतील तर १०० नॅनोग्रॅम प्लाझमिडामागे सुमारे ६० नॅनोग्रॅम जनुक पुरते. दोनशे अक्षरांहून लहान तुकडे मात्र या पद्धतीत धोक्याचे, कारण टी-५ त्यांना दोन्हीकडून कुरतडून जवळजवळ संपवते.

फसले तर कळते कसे? सर्वात नेहमीची चूक म्हणजे पीसीआरसाठी वापरलेले मूळ प्लाझमिड मिश्रणात उरणे. ते आयते वर्तुळाकार असल्याने जिवाणूत सहज शिरते. एक्स-गाल हे रसायन घातलेल्या थाळीवर अशा वसाहती निळ्या दिसतात, तर आपल्या रचनेच्या पांढऱ्या दिसतात आणि निळ्या प्रकाशाखाली हिरव्या चमकतात. निळ्या वसाहती खूप आल्या तर पीसीआरनंतर डीपीएन-वन एन्झाइम घालायचे राहिले असे समजावे. जिवाणूत वाढलेल्या डीएनएवर मिथाइल खुणा असतात, नळीत बनलेल्यावर नसतात. हे एन्झाइम फक्त खुणा असलेला डीएनए कापते. पांढऱ्या पण न चमकणाऱ्या वसाहती म्हणजे बहुधा प्रायमरमधल्या चुका. एक अक्षर गळले तरी चौकट सरकते आणि रंग जातो.

यामुळे जुनी पद्धत मोडीत निघालेली नाही. दहा-पंधरा हजार अक्षरांचे प्लाझमिड पीसीआरने बिनचूक काढणे अवघड असते, तिथे ते एन्झाइमनेच कापून सरळ करतात आणि फक्त ओव्हरलॅप नव्या रीतीने देतात. एकच तुकडा वीस वेगवेगळ्या प्लाझमिडांत हलवायचा असेल आणि सगळ्यांत त्याच दोन जागा असतील, तर दर वेळी नवे प्रायमर मागवण्यापेक्षा कापून जोडणे स्वस्त पडते. त्यात पीसीआर नसल्याने नव्या चुकाही शिरत नाहीत.

जुन्या जोडाची आणखी एक सोय होती. कापण्याची जागा सांध्यात शिल्लक राहायची, त्यामुळे तेच एन्झाइम परत घालून तुकडा योग्य लांबीचा बाहेर येतो का, हे तासाभरात दिसायचे. बिनखुणेच्या जोडात कापायला काहीच उरत नाही. म्हणून इथे दोन्ही सांध्यांवरून अक्षरे वाचून घेतल्याशिवाय, म्हणजे सिक्वेन्सिंग केल्याशिवाय, काम पूर्ण झाले असे धरत नाहीत. आणि वाचन सांध्यापाशी थांबवूनही चालत नाही. पीसीआरची चूक सातशे वीस अक्षरांत कुठेही असू शकते.