परदेशातील मालकाचा फ्लॅट, किल्ली नातेवाइकाकडे : साध्या पत्राने काय होते, काय होत नाही?

समजा, पाटणमध्ये एक फ्लॅट आहे. मालक दुबईत नोकरीला. किल्ल्या गावातल्या चुलतभावाकडे. दोघांत विश्वास आहे, म्हणून कागद केलेला नाही. मग एके दिवशी बाथरूमची गळती खालच्या घरात उतरते आणि सोसायटीचे सचिव विचारतात, ‘दार उघडून भिंत फोडायला सांगणारे तुम्ही कोण?’ भाडेकरूही विचारतो, ‘भाडे तुमच्या हातात दिले तर ते मालकाला पोहोचले असे धरायचे का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पत्र कुठे चालते?

भारतीय करार कायद्यानुसार कोणीही आपल्या वतीने काम करणारा प्रतिनिधी नेमू शकतो. त्यासाठी ठरावीक नमुना नाही. त्यामुळे किल्ल्या ठेवणे, प्लंबर बोलावणे, सोसायटीशी बोलणे, भाडे घेऊन पावती देणे या रोजच्या कामांना मालकाच्या सहीचे अधिकारपत्र सहसा पुरते. ते मोघम मात्र नसावे. ‘माझ्या फ्लॅटची सर्व व्यवस्था पाहावी’ या वाक्यावरूनच पुढे भांडणे होतात.

पत्रात फ्लॅटचा पूर्ण पत्ता, नातेवाइकाचे नाव, किल्ल्या किती दिल्या आणि अधिकार कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे लिहावे. दुरुस्तीला मर्यादा घालावी. उदाहरणार्थ, एका कामाला १०,००० रुपयांपर्यंत खर्च स्वतःच्या निर्णयाने, त्यापुढे मालकाचा लेखी होकार. व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकार चालेल का, तेही लिहावे. अनामत रक्कम कोण घेणार आणि कोण परत करणार, हे वेगळे नमूद करावे, कारण अनामत म्हणजे भाडे नव्हे.

मालकाने मागितल्यावर हिशेब देणे प्रतिनिधीवर बंधनकारक आहे. मालकाने परवानगी दिलेली नसेल, तर चुलतभाऊ स्वतःचे काम सहसा परस्पर तिसऱ्यावर सोपवू शकत नाही. आणि मालकाचा मृत्यू झाला की हा अधिकार संपतो. त्यानंतर जुने पत्र दाखवून भाडे घेता येत नाही. वारसांनी नवी व्यवस्था करावी लागते.

पत्र कुठे अडते?

भाडेकराराची नोंदणी हे पहिले ठिकाण. मालकाच्या वतीने करारावर सही करून दुय्यम निबंधकाकडे जायचे असेल, तर मुखत्यारपत्र लागते. मालक परदेशात असल्यास ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून प्रमाणित करावे लागते. महाराष्ट्रात कागद पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. पाकीट कपाटात पडून राहिले आणि मुदत टळली, ही नेहमीची चूक आहे. त्यामुळे कागद केव्हा आला हे सांगणारी कुरिअरची पावती जपून ठेवावी.

भाडेकरू घर सोडत नसेल, तर मालकाच्या वतीने कोर्टात उभे राहण्यासाठीही मुखत्यारपत्रच हवे.

भाडे कोणाच्या खात्यात?

सर्वांत मोठी गफलत इथे होते. भाडे चुलतभावाच्या खात्यात आले तरी उत्पन्न मालकाचेच राहते. मालक करासाठी अनिवासी असेल, तर भाडेकरूने भाड्यातून टीडीएस कापायचा असतो. सर्वसाधारण दर उपकरासह ३१.२ टक्के आहे. रक्कम लहान आहे म्हणून सूट मिळत नाही. म्हणजे ८,००० रुपये भाडे असेल तर २,४९६ रुपये कर कापून ५,५०४ रुपये द्यायचे. मालकाचा प्रत्यक्ष कर कमी बसत असेल, तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो किंवा कमी दराचे प्रमाणपत्र आधीच घेता येते. उरलेली रक्कम थेट मालकाच्या एनआरओ खात्यात जमा करणे सर्वांत स्वच्छ. मग नातेवाइकाकडे फक्त पावत्या आणि दुरुस्तीचा हिशेब राहतो, आणि त्याच्या खात्यात आलेल्या पैशांचा खुलासा त्याला द्यावा लागत नाही.

किल्ली म्हणजे हक्क नव्हे

वर्षानुवर्षे घर सांभाळल्याने नातेवाइकाचा हक्क तयार होतो का? गोव्यातील एका घराच्या ताब्यावरून बहीण-भावात झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले, की राखणदार किंवा मोफत राहू दिलेला नातेवाईक कितीही काळ राहिला, तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही. निकाल मालक बहिणीच्या बाजूने लागला, पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. म्हणून पत्रात एक ओळ असावी : ‘किल्ल्या केवळ देखभालीसाठी दिल्या असून मागताच परत कराव्यात.’ त्याखाली चुलतभावाची ‘मान्य’ म्हणून सही आणि तारीख घ्यावी. तिची एक प्रत सोसायटीला आणि एक भाडेकरूला द्यावी. अधिकार काढून घेतला, तर तेही त्याच दोघांना लेखी कळवावे. नाहीतर जुने पत्र खरे मानून ते व्यवहार करत राहतील.