दोनदा वाजणारी कडी

आईबाबांच्या लग्नाला पंचवीस, चाळीस, पन्नास वर्षे झाली की घरातला कोणीतरी मुलगा किंवा मुलगी व्हिडिओ करायला घेते. बहुतेकांची सुरुवात अल्बमपासून होते. लग्नातला हारांचा फोटो, पहिल्या बाळाचं बारसं, महाबळेश्वरची सहल, नव्या घराची वास्तुशांत. हे सगळे फोटो एकापाठोपाठ सरकतात, मागे सनई वाजते आणि शेवटी अक्षरं उमटतात. असा व्हिडिओ बघताना पाहुणे टाळ्या वाजवतात, पण त्यातून ती दोन माणसं एकमेकांबरोबर राहतात कशी, हे काही कळत नाही. कारण उघड आहे. फोटो काढले गेले ते समारंभाच्या दिवशी, आणि संसार होतो तो मधल्या दिवसांत. ज्या दिवशी आईने नेहमीसारखी भाकरी केली, त्या दिवशी कॅमेरा बाहेर काढायचं कोणाला सुचलंच नाही. म्हणून रोजच्या सवयींवर छोटी फिल्म करायची असेल तर अल्बमचा उपयोग थोडाच. ती नव्यानेच चित्रित करावी लागते. साधा मोबाइल त्याला पुरतो. खरं काम आहे ते सवयी निवडण्याचं.

साताऱ्यातल्या एका घराची अशी फिल्म मी संकलित केली. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, आई घरी शिवणकाम करणारी, लग्नाला चाळीस वर्षे झालेली. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने आधी सवयींची यादी केली होती : बाबा पहाटे उठतात, आई तुळशीला पाणी घालते, बाबा पेपर वाचतात, आई देवपूजा करते. यादी खरी होती, पण यातल्या प्रत्येक कृतीत एकच माणूस होता. बाबा एकटे राहत असते तरी पहाटे उठलेच असते. फिल्म दोघांची करायची तर जी सवय दुसऱ्यामुळे लागली आहे, तीच उपयोगाची. दुसरं माणूस चौकटीत नसलं तरी चालतं, पण सवयीत ते असलं पाहिजे.

अशा सवयी आईबाबांना विचारून सापडत नाहीत, कारण त्यांना त्या सवयी वाटतच नाहीत. त्यापेक्षा घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना एक प्रश्न विचारावा : दोघांपैकी एक गावाला गेलं की दुसऱ्याचं काय अडतं? साताऱ्याच्या घरी या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या काकूंनी दिलं. ‘तुझे बाबा नसले की आई माझ्याकडे येते सुईत दोरा ओवून घ्यायला.’ मुलीला हे माहीतच नव्हतं. जेवण झालं की बाबा पाच-सहा सुयांत दोरे ओवून स्पंजच्या तुकड्यात टोचून ठेवत. तुरपाई आणि बटणांसाठी आईला त्या दिवसभर पुरत.

याच वाटेने आणखी चार सवयी हाती लागल्या. बाबा पेपर वाचून झाला की शब्दकोड्याचं पान वर येईल अशी घडी घालून तो शिलाई मशीनवर ठेवतात. संध्याकाळी फिरून आले की फाटकाची कडी दोनदा वाजवतात आणि आई आत चहा टाकते. बाबांच्या दाढा काढल्यापासून आई भाकरीचा मऊ पापुद्रा सोलून त्यांच्या ताटात ठेवते आणि कडक काठ स्वतः घेते. रात्री आई गॅसचा रेग्युलेटर बंद करते, तरी बाबा जाऊन तो पुन्हा बघतात. पाच सवयी पुरेशा होत्या. त्याहून फार जास्त घेतल्या की प्रत्येकीच्या वाट्याला थोडेच सेकंद येतात, आणि फिल्मची पुन्हा यादीच होते.

चित्रीकरणात पहिली अडचण येते ती माणसांचीच. मोबाइल दिसला की आई गाऊन बदलून साडी नेसते, आणि बाबा पेपर वाचायचा सोडून वाचल्यासारखं करतात. लपून चित्रीकरण करणं बरं नव्हे. ‘घरातलं थोडं टिपून ठेवतेय’ एवढं सांगून मोबाइल छोट्या स्टँडवर फडताळात उभा करावा आणि काही दिवस तो तिथेच राहू द्यावा. हळूहळू त्याची सवय होते. ‘बाबा, पुन्हा एकदा करा ना’ असं मात्र म्हणू नये. पुन्हा केलेली कृती चटकन ओळखू येते : हात सावकाश चालतात, कृती संपली की डोळे मोबाइलकडे वळतात. क्षण हुकला तर उद्या पुन्हा येईल. ती सवयच आहे.

तांत्रिक बाजू थोडी आहे, पण ती सांभाळायला हवी. मोबाइल आडवा धरावा, कारण फिल्म टीव्हीवर बघायची आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण मोबाइल सेकंदाला ३० चित्रं टिपत असेल तर पडद्यावर पट्टे सरकताना किंवा उजेड लवलवताना दिसू शकतो. सेटिंगमध्ये सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० ठेवलं की हा त्रास बहुधा जातो. ती सोय नसेल तर दिवसाच्या उजेडात काम करावं. ओट्यामागे खिडकी असेल तर आईचा चेहरा काळवंडतो. मग पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरावं, म्हणजे बऱ्याच मोबाइलमध्ये प्रकाश आणि फोकस तिथे पक्के होतात.

प्रत्येक सवयीचे तीन तुकडे घ्यावेत : जागा, हात आणि दुसरं माणूस. कृती सुरू होण्याआधी मोबाइल चालू करावा आणि ती संपल्यावर निदान दहा सेकंद चालूच ठेवावा. हवं ते पुष्कळदा या शेपटातच सापडतं. १८९५मध्ये ल्युमिएर बंधूंपैकी ओगुस्त आणि त्याची पत्नी आपल्या बाळाला भरवत असतानाची मिनिटभराचीही नसलेली फिल्म काढली गेली. घरगुती चित्रीकरणाचा तो अगदी आरंभीचा नमुना. ती पाहणाऱ्यांना बाळाइतकंच मागच्या झाडाच्या हलत्या पानांचं अप्रूप वाटलं, असं सांगतात. साताऱ्यातही तसंच झालं. सुया टोचून झाल्यावर बाबांनी स्पंजचा तुकडा उचलला, मशीनच्या डाव्या बाजूला ठेवला आणि क्षणभर थांबून उजवीकडे सरकवला, आईचा हात जिथे जातो तिथे. हे कोणी ठरवलं नव्हतं. मोबाइल लगेच बंद केला असता तर ते मिळालंच नसतं.

आवाजाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि सवयींच्या फिल्ममध्ये निम्मं काम आवाजच करतो. चित्रीकरण चालू असेपर्यंत पंखा आणि रेडिओ बंद ठेवावा. मागे रेडिओवर गाणं चालू असेल तर प्रत्येक कापणीला ते मधूनच तुटतं आणि तुकडे जुळवताच येत नाहीत. दुसरा मोबाइल आवाजाच्या जवळ ठेवून नुसता आवाज वेगळा टिपावा : कडी, लायटर, भाकरी थापल्याची थपथप. प्रत्येक खोलीची मिनिटभर शांतताही टिपून घ्यावी. तुकड्यांचे सांधे बुजवायला ती लागते.

संकलनाला बसलो तेव्हा दिवसाचा क्रम ठेवला, सकाळ ते रात्र. पेपर ३५ सेकंद, भाकरी ४०, सुया ५०, कडी आणि चहा ४०, रेग्युलेटर ३५. एकूण ३ मिनिटं २० सेकंद. सुयांना जास्त वेळ दिला, कारण ओवायला खरोखरच वेळ लागतो : बाबा दोऱ्याचं टोक ओलं करतात, एकदा चुकतात, पुन्हा करतात. हा वेळ कापला तर कष्टही कापले जातात. कडीच्या प्रसंगात बाबा दाखवलेच नाहीत. आई खाटेवर बसून बटण लावतेय. बाहेर कडी दोनदा वाजते. ती सुई कापडात टोचून उठते. पुढच्या तुकड्यात लायटरचा आवाज आणि ज्योत. लेव कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं, की एकाच माणसाच्या निर्विकार चेहऱ्याला वेगवेगळी चित्रं जोडली तर बघणाऱ्याला त्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसतात. इथेही नातं दोन तुकड्यांच्या सांध्यातच होतं. म्हणून वर आणखी काही सांगायची गरज नव्हती.

मुलीने निवेदन लिहून आणलं होतं. त्यात साथ, त्याग, समर्पण असे शब्द होते. चित्राला लावून ऐकल्यावर तिनेच ते बाजूला ठेवलं. ‘बाबांनी आईची आयुष्यभर साथ दिली’ हे वाक्य कुठल्याही घराला चालतं. त्याजागी तिने एवढंच म्हटलं : ‘चष्म्याचा नंबर वाढल्यापासून आईला सुईचं नेढं दिसत नाही.’ असं साधी माहिती देणारं एकेक वाक्य तीन ठिकाणी ठेवलं, बाकी घराचे आवाज. पार्श्वसंगीत घेतलं नाही. जुनं आवडतं गाणं लावायचा मोह होतो, पण मग लोक गाणं ऐकतात. शिवाय अशी फिल्म यूट्यूबवर चढवली तर हक्कांच्या कारणावरून ती अडूही शकते.

एक गोष्ट मात्र संकलनात लपवता येत नाही. पुष्कळ घरांत सवयी गोळा केल्या की दिसतं असं, की करणारी आई आणि घेणारे बाबा. मग फिल्म प्रेमाची राहत नाही, आईच्या राबण्याची होते, आणि तिच्यावर कौतुकाचे शब्द शिंपडले तरी बघणाऱ्या बायकांना ते बरोबर कळतं. बाबांच्या सवयी पुष्कळदा स्वयंपाकघराबाहेर असतात, त्या आधी शोधाव्यात : पंप, बिलं, औषधं, स्कूटर. शोधूनही नाही सापडल्या तर ओढूनताणून समतोल दाखवू नये. दोघांची फिल्म सोडून आईच्या एका दिवसाची करावी, तेच प्रामाणिक होईल. त्याचप्रमाणे ग्लासातली कवळी किंवा सकाळचा विसकटलेला अवतार मुलांना गोड वाटला, तरी चारचौघांत दाखवण्याआधी ज्याचा त्याला विचारावा.

तयार फिल्म आधी त्या घराला न ओळखणाऱ्या एकाला दाखवावी. कोण कोणासाठी काय करतं हे त्याने आपणहून सांगितलं तर फिल्म जमली. हॉलमध्ये, जेवणाच्या पंगतीत आणि स्पीकरच्या गलक्यात ती लावू नये. कडीचा आवाजच ऐकू आला नाही तर चहाचा अर्थ लागत नाही. घरच्या टीव्हीवर, आवाज थोडा मोठा करून बघावी. साताऱ्यात ती तशीच बघितली. आईची पहिली प्रतिक्रिया ओट्यावरच्या मळलेल्या फडक्याबद्दल होती, आणि बाबांना आपण कडी दोनदा वाजवतो हे पटेना.

फिल्म झाली की कच्चे तुकडे पुसून टाकू नयेत. व्हॉट्सॲपवरून पाठवले की ते दाबले जाऊन खराब होतात, म्हणून मूळ फायली हार्ड डिस्कवर, तारीख आणि सवयीचं नाव देऊन ठेवाव्यात. शक्यतो दोन ठिकाणी. साडेतीन मिनिटांच्या आतल्या फिल्मसाठी तासाभराचं तरी चित्रण झालेलं असतं, आणि घरच्यांनी पुढे पुन्हा पुन्हा बघावं असं बरंच काही त्या उरलेल्या भागात राहिलेलं असतं.