वास्तुशांतीचे व्हिडिओ-आमंत्रण : मजकूर नव्याने लिहिताना

वास्तुशांतीचे आमंत्रण आता बहुतेक घरांत व्हॉट्सॲपवरून व्हिडिओच्या रूपात जाते. तयार साचा निवडायचा, फोटो आणि मजकूर भरायचा, मागे सनई लावायची, की काम झाले. अडचण मजकुराची असते. तो हमखास छापील पत्रिकेवरून उचललेला असतो. पत्रिका हातात धरून हवी तेवढा वेळ वाचता येते, मागे-पुढे पाहता येते आणि कार्याच्या दिवसापर्यंत फ्रिजवर चिकटवूनही ठेवता येते. व्हिडिओ मात्र पुढे सरकत राहतो. बसमध्ये, आवाज बंद ठेवून, अर्धे लक्ष देऊन तो पाहिला जातो. त्यामुळे पत्रिकेत शोभणारे वाक्य व्हिडिओत नुसती जागा अडवते आणि पाहुण्याला खरोखर हवी असलेली माहिती शेवटच्या दोन सेकंदांत उडून जाते.

एक नमुना घेऊन हे पाहणे सोपे. चाळीतल्या दोन खोल्यांतून बदलापूरच्या नव्या फ्लॅटमध्ये जाणाऱ्या कुटुंबाचा पहिला मजकूर साधारण असा असतो :

«॥ श्री गणेशाय नमः ॥ आमचे येथे श्रीकृपेकरून व कुलस्वामिनीच्या आशीर्वादाने आम्ही घेतलेल्या नूतन वास्तूची वास्तुशांती, उदकशांत व श्री सत्यनारायणाची महापूजा रविवार, दिनांक २२ नोव्हेंबर रोजी सकाळी ९ वाजून १५ मिनिटांच्या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. आपल्या प्रेमाने आणि थोरामोठ्यांच्या आशीर्वादाने आमचे स्वप्नातील घर साकार होत आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून तीर्थप्रसादाचा व स्नेहभोजनाचा लाभ घ्यावा आणि आमच्या आनंदात सहभागी व्हावे, हेच आमचे आग्रहाचे निमंत्रण. आपल्या आगमनाची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत. स्थळ : अमुक सोसायटी, बदलापूर.»

यात ऐंशीच्या आसपास शब्द आहेत. सावकाश, समजेल असे वाचायचे तर सेकंदाला दोन शब्द हा हिशेब धरावा. म्हणजे चाळीस सेकंद झाले. त्याआधी गणपती, उघडणारा दरवाजा आणि एखादा श्लोक मिळून दहा-पंधरा सेकंद जातात. मिनिटभराच्या अशा व्हिडिओत ठिकाण सर्वांत शेवटी येते, तोवर पाहणाऱ्याचा अंगठा पुढच्या निरोपावर गेलेला असतो.

लांबीपेक्षा मोठा दोष वेळेचा आहे. सव्वानऊ ही पूजेची वेळ झाली. पाहुण्याने कधी यायचे हे कुठेच नाही. वास्तुशांतीचे विधी लांबतात. गणेशपूजन, पुण्याहवाचन, वास्तुमंडलाची पूजा, ग्रहयज्ञ आणि होम होऊन पूर्णाहुती पडेपर्यंत दुपार होते. मुहूर्त वाचून नऊ वाजता पोहोचलेला ऑफिसमधला सहकारी धुराने भरलेल्या हॉलमध्ये तीन तास अवघडून बसतो, आणि ‘पूजा सकाळी आहे, म्हणजे दुपारी काही नसेल’ असे समजून शेजारची काकू येतच नाही. स्नेहभोजनाचा उल्लेख आहे, पण ते दुपारी की रात्री, हे गुलदस्त्यातच. बदलापूर लिहिले, पूर्व की पश्चिम ते नाही. मजला नाही, फोन नाही. जेवायला किती माणसे येणार हे केटररला आधी सांगावे लागते, पण पाहुण्यांना ते कळवायला कुणी सांगितलेले नाही.

नव्याने लिहिताना जुन्या मजकुरातले शब्द कापत बसण्यापेक्षा कोरा कागद घेणे बरे. त्यावर आधी फक्त पाहुण्याचे प्रश्न उतरवावेत : कशासाठी, कोणत्या दिवशी, कितीला, कुठे, कसे पोहोचायचे, कुणाला कळवायचे, काही आणायचे का. मग प्रत्येक उत्तराची जागा ठरवावी. व्हिडिओच्या आमंत्रणाला तीन जागा असतात : कानावर पडणारा आवाज, पडद्यावरची अक्षरे आणि व्हिडिओखाली टाइप केलेला निरोप. आपुलकी आवाजाने पोहोचते. तारीख आणि वेळ आवाजातही हवी, पडद्यावरही हवी. फोन नंबर आणि नकाशाची लिंक मात्र निरोपातच टाइप केलेली असावी, कारण व्हिडिओतल्या आकड्यांवर बोट ठेवून फोन लागत नाही. नंबर मोठ्याने वाचून दाखवणे तर निव्वळ वाया. दहा आकडे ऐकून कुणी लक्षात ठेवत नाही.

आपुलकीसाठी विशेषणे लागत नाहीत, एखादी खरी गोष्ट लागते. ‘स्वप्नातील घर’ हे शब्द कुणाच्याही आमंत्रणात बसतात, म्हणूनच ते कानावरून निघून जातात. त्या एका कुटुंबाचीच असेल अशी एक ओळ शोधावी : जुन्या घरी पंगत कशी बसायची, घर बांधायला किती वर्षे गेली, आजीला कोणती खिडकी हवी होती. अशी ओळ एकच असावी. दोन झाल्या की मनोगत होते. बदलापूरच्या मजकुरासाठी दोन खोल्यांतली दाटी हाताशीच आहे, म्हणून नवा मजकूर असा झाला :

«नमस्कार. इतकी वर्षं दोन खोल्यांत तुम्ही आमच्याकडे दाटीवाटीनं बसलात, जेवलात. आता ऐसपैस बसायला जागा झाली आहे. रविवारी, बावीस नोव्हेंबरला बदलापूरच्या नव्या घराची वास्तुशांती आहे. पूजा सकाळी आहे. तुम्ही साडेबाराला जेवायला या. पंगती तीनपर्यंत चालतील. घर स्टेशनच्या पूर्वेला, पत्ता खाली लिहिला आहे. किती जण येताय ते गुरुवारपर्यंत कळवा. आहेर आणू नका, वेळ काढून या.»

पन्नासच्या थोडे वर शब्द आणि अर्ध्या मिनिटाच्या आत वाचून होणारा हा मजकूर. ‘येत्या रविवारी’ असे मुद्दाम लिहिलेले नाही, कारण व्हिडिओ कोण कधी उघडेल याचा नेम नसतो आणि दोन आठवडे आधी पाहणाऱ्याचा येता रविवार वेगळाच असतो. वार आणि तारीख जोडीने दिल्याने एक चुकली तरी दुसरीवरून ती पकडता येते. आवाजात ‘साडेबारा’ आणि पडद्यावर ‘१२.३०’ हा फरकही ठेवावा. ‘बारा वाजून तीस मिनिटांनी’ असे कुणी घरात बोलत नाही. आहेराची ओळ ऐच्छिक आहे. आहेर नको असेल तर ती स्पष्ट असावी, नाहीतर अजिबात नसावी. ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’ हे वाचून लोक पाकीट घेऊनच येतात.

देवाचे नाव गाळले, अशी घरातल्या वडीलधाऱ्यांची तक्रार येते आणि ती गैर नाही. त्यासाठी पहिल्या दृश्यात गणपती आणि ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ ही ओळ दोन-तीन सेकंद ठेवावी. ती वाचून दाखवायची गरज नसते. निमंत्रकांची नावेही आवाजात नकोत, शेवटच्या दृश्यावर लिहावीत. साच्यासोबत मिळणाऱ्या यांत्रिक आवाजापेक्षा घरातल्या माणसाचा आवाज चांगला, मग तो अडखळला तरी चालेल. मागे गाणे असेल तर त्याचे शब्द या शब्दांत मिसळतात, म्हणून नुसती सनई किंवा सतार, तीही बोलताना हळू.

पडद्यावर एका वेळी एकच गोष्ट असावी. पहिल्या दृश्यानंतर नव्या घराच्या दाराचा फोटो आणि ‘आमच्या नव्या घराची वास्तुशांती’ एवढेच. मग ‘रविवार, २२ नोव्हेंबर २०२६’ आणि त्याखाली ‘जेवण : दुपारी १२.३० ते ३’. पुढे पत्ता : सोसायटीचे नाव, बी विंग, सातवा मजला, फ्लॅट ७०३, बदलापूर (पूर्व). पत्त्याला दुप्पट वेळ द्यावा, कारण आवाज बंद ठेवून पाहणारा तो अक्षर अक्षर वाचत असतो. शेवटी तारीख, वेळ, पत्ता आणि नावे असे सगळे एकाच स्थिर चित्रावर पाच-सहा सेकंद राहू द्यावे. पुष्कळजण तिथेच थांबवून स्क्रीनशॉट घेतात. शिवाय व्हिडिओ फोनवर उतरवून दुसऱ्याला पाठवला की खालचा निरोप मागे राहतो. तेव्हा हे चित्रच कामी येते. व्हिडिओ उभा असावा आणि अक्षरे अगदी वरच्या-खालच्या कडेला नसावीत, कारण स्टेटसला लावल्यावर तिथे नाव आणि मजकूर चढतो. जोडाक्षरे फुटली आहेत का, हेही एकदा बघावे; साच्यांतले काही फॉण्ट मराठीसाठी केलेले नसतात.

खालचा निरोप कोरडा असला तरी चालतो : «वास्तुशांती, रविवार २२ नोव्हेंबर. जेवण दुपारी १२.३० ते ३. पत्ता : … बदलापूर (पूर्व). स्टेशनवरून शेअर रिक्षा, … चौकात उतरावे. गाडीने येणाऱ्यांनी मागच्या गेटने यावे. गेटवर बी-७०३ सांगावे. किती जण येणार ते गुरुवार, १९ तारखेपर्यंत या नंबरवर कळवावे : … नकाशा : …». नव्या सोसायटीची नकाशावरची खूण पुष्कळदा मागच्या कुंपणापाशी किंवा बिल्डरच्या विक्री कार्यालयापाशी असते. म्हणून सोसायटीचे नाव शोधून मिळालेली लिंक न पाठवता, प्रत्यक्ष गेटवर उभे राहून घेतलेली खूण पाठवावी. पार्किंग नसेल तर तसे सरळ लिहावे.

घरच्या मंडळींसाठी वेगळी प्रत लागते. आत्या, मामा, सख्खी भावंडे यांना पूजेलाच बोलवायचे असते. त्यांच्या प्रतीत ‘तुम्ही साडेबाराला जेवायला या’ याऐवजी ‘पूजा सव्वानऊला बसेल, तुम्ही साडेआठला चहालाच या’ एवढाच बदल पुरतो. पडद्यावरची वेळ आणि खालचा निरोप मात्र आठवणीने बदलावा. आवाज सकाळची वेळ सांगतो आणि पडद्यावर दुपार दिसते, हा घोळ प्रती करताना नेहमी होतो. वयस्कर नातेवाइकांना व्हिडिओआधी फोन जायला हवा. नुसता व्हिडिओ आला तर काही घरांत ते बोलावणे धरतच नाहीत.

पाठवण्यापूर्वी व्हिडिओ अशा माणसाला दाखवावा, ज्याला कार्यक्रमाची काहीच माहिती नाही. एकदा आवाज बंद करून, एकदा फोन उलटा ठेवून नुसता आवाज ऐकवून. मग किती वाजता निघशील आणि स्टेशनला कोणत्या बाजूला उतरशील, एवढेच विचारावे. उत्तर देताना तो व्हिडिओ पुन्हा उघडू लागला, तर ती माहिती नको तिथे किंवा नको तितकी घाईत आली आहे.

काही गोष्टी व्हिडिओत मावत नाहीत, कारण त्या तोवर ठरलेल्याच नसतात. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर रविवारी अनेकदा मेगाब्लॉक असतो आणि त्याचे वेळापत्रक कळते ते शेवटच्या एक-दोन दिवसांत. मुंबईहून येणाऱ्यांना शनिवारी संध्याकाळी वेगळा निरोप धाडावा : उद्या अमुक ते अमुक या वेळेत ब्लॉक आहे, त्याआधीची गाडी पकडा, उशीर झाला तरी पंगत राखून ठेवू.