रजोनिवृत्तीच्या काळातील पोटफुगी आणि बद्धकोष्ठता

पाळी सलग १२ महिने आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतात हे बहुधा ४५ ते ५० या वयात घडते; म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या आईच्या वयात. त्याआधीची काही वर्षे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी वरखाली होत राहते व शेवटी घटते.

आतड्यात काय होते?

या संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी आतड्यातही असतात. त्यामुळे आतड्याची हालचाल मंदावू शकते. मोठे आतडे मळातले पाणी शोषून घेते. मळ जितका रेंगाळेल तितका तो कोरडा आणि कडक होतो. त्यामागे वायू अडकला की पोट फुगते. मात्र दोष फक्त संप्रेरकांचा नसतो. कमी चालणे, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी यांनीही असेच होते.

एक उदाहरण

समजा, ४८ वर्षांच्या एका बाई दोन्ही वेळा भात-वरण खातात. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी एकदम दोन मोठे चमचे इसबगोल थोड्याशा पाण्यातून सुरू केले. पोट आणखी फुगले. कारण सोपे आहे: इसबगोल पाणी धरून फुगते, आणि पाणीच कमी असेल तर आत घट्ट गोळा होतो.

योग्य क्रम असा. पहिल्या आठवड्यात एका वेळच्या भाताऐवजी ज्वारीची भाकरी. सुमारे ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून साधारण ५ ग्रॅम तंतू मिळतात. तेवढ्याच पांढऱ्या तांदळातून दीड ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या आठवड्यात एक पेरू किंवा मटकीची उसळ. दिवसाला २५ ते ३० ग्रॅमचे लक्ष्य असे हळूहळू गाठावे, म्हणजे आतड्यातील जिवाणूंना नव्या आहाराची सवय होते आणि वायू कमी होतो. इसबगोल लागलेच, तर एक चमचा पूर्ण पेलाभर पाण्यातून लगेच प्यावे.

जेवणानंतर १५-२० मिनिटे चालल्याने वायू पुढे सरकतो. नाश्त्यानंतर मोठे आतडे आपोआप आकुंचन पावते. ती वेळ घाईत दवडू नये.

तपासणी केव्हा?

येणाऱ्या-जाणाऱ्या फुगीपेक्षा टिकून राहणारी फुगी महत्त्वाची. पोट जवळजवळ रोज फुगलेले राहते, थोड्याच घासांत भरते, ओटीपोटात दुखते किंवा वारंवार लघवीला जावे लागते, असे दोन-तीन आठवडे चालले तर डॉक्टरांकडे जावे. अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवात अशीच साधी वाटू शकते. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीने पुढची दिशा ठरते. मळात रक्त, कारणाशिवाय घटणारे वजन, रक्तक्षय किंवा पाळी थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव असेल, तर तेवढीही वाट पाहू नये. पोट फुगून उलट्या होत असतील आणि मळ-वायू दोन्ही थांबले असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घरी आई "गॅस झालाय" म्हणाली, तर एवढेच विचारा: रोज होतो का, आणि कधीपासून?